दुपारची बॅच आणि पहिली तीस सेकंदं

निवडणूक प्रशिक्षणात दुपारी दोनची बॅच ज्या मास्टर ट्रेनरच्या गळ्यात पडते, त्याच्यावर वरच्या कुणाचा तरी राग असतो, असं माझं मत झालं आहे. सकाळच्या बॅचला साहेब स्वतः येऊन दोन शब्द बोलतात, माणसं ताजी असतात, चुकलं तर सांभाळून घेतात. दुपारच्या बॅचला मसालेभात-जिलेबी खाऊन आलेले दोनशे लोक, वर गरगरणारे पंखे आणि एकटे तुम्ही. २०२४च्या लोकसभेला, म्हणजे ७ मेच्या मतदानाआधी, सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्यात ही बॅच माझ्याकडे होती. तालुक्याचं नाव सांगत नाही. तिथल्या प्रशिक्षण समन्वयक महाशयांना मात्र हे वाचून स्वतःची ओळख पटेल, आणि पटावी.

समोर केंद्राध्यक्ष आणि पहिले मतदान अधिकारी बसले होते. बहुतेक शिक्षक, काही भाऊसाहेब, थोडे बँकेतले. निम्म्याहून जास्त लोकांनी आधी ड्यूटी केलेली. अशा माणसाला झोप केवळ जेवणामुळे येत नाही. दुपारी एक ते चारच्या दरम्यान शरीर तसंही मंदावतं, उपाशी राहिलात तरी. त्यावर ‘हे सगळं मला माहीत आहे’ ही खात्री बसली, की मान खाली जाते. म्हणजे आपली लढाई जिलेबीशी नसून त्या खात्रीशी असते. म्हणून मी सुरुवातीचे शब्द घरी लिहून आणले होते. महाशयांनी तो कागद पाहिला आणि म्हणाले, “सर, हे नाटक नको. अधिकृत सुरुवात करा.” मग त्यांनी स्वतःचा मजकूर माझ्या हातात दिला: “व्यासपीठावरील सन्माननीय अधिकारी, उपस्थित सर्व अधिकारी व कर्मचारी बंधू-भगिनींनो, लोकशाहीच्या या महाउत्सवात आपण सर्वजण अत्यंत महत्त्वाची जबाबदारी पार पाडण्यासाठी...” हे वाचून बघा. तीस सेकंदांतली जवळपास दहा संपतात तेव्हा आपण जबाबदारीपर्यंत जेमतेम पोचलेले असतो.

एवढ्यावर भागलं नाही. मी बोलायच्या आधी त्यांनी माईक घेतला, ‘हॅलो हॅलो’ केलं आणि हसत म्हणाले, “जेवण जड झालंय, झोप येत असेल, पण जरा सहन करा.” दोनशे लोकांना त्यांनी झोपायची जाहीर परवानगी दिली. वर ‘सहन करा’ म्हणून माझ्या विषयाला आजारपण ठरवलं. मग प्रोजेक्टर नीट दिसावा म्हणून दिवे घालवले. आणि नेमकं मी तोंड उघडलं तेव्हा पहिल्या रांगेतून हजेरीचा कागद सोडला.

मला सगळं कळलं ते त्या कागदामुळे. माझ्या समोरून तो एका रांगेतून दुसऱ्या रांगेत जात होता आणि नजरा त्याच्या मागे चालल्या होत्या. सही, मोबाइल नंबर, भत्त्यासाठी बँक खातं, आयएफएससी कोड. खात्याचा नंबर पाठ नसतो, म्हणून प्रत्येकजण मोबाइल काढत होता. कागद पुढे गेला तरी मोबाइल हातात राहत होता. मागच्या रांगांतले लोक कागद येईपर्यंत जागे होते आणि सही करून झोपत होते. माझी सुरुवात त्या सभागृहात कुणी ऐकलीच नव्हती. संध्याकाळी ग्रुपवर महाशयांचा शेरा आला: दुपारच्या सत्रात प्रशिक्षकांना पकड ठेवता आली नाही. पकड! हात बांधून कुस्तीत उतरवायचं आणि वर डाव शिकवायचे.

विधानसभेच्या वेळी, २० नोव्हेंबरच्या मतदानाला, मी बदलीने सांगली जिल्ह्यात होतो. बॅच पुन्हा दुपारचीच. पण इथल्या नायब तहसीलदारांनी एवढंच विचारलं, “सर, तुम्हाला काय लागेल?” मी तीन गोष्टी मागितल्या: हजेरी जेवणाआधी घ्या, दिवे चालू ठेवा, आणि एक मशीन टेबलावर जोडून द्या. जेवणाच्या सुट्टीत मी त्या मशीनवर पन्नास मतं टाकून ठेवली आणि क्लोज न करता तसंच सोडलं. मग आधी रद्द झालेला तोच कागद खिशातून काढला. त्यावर हे होतं:

“सकाळचे सात वाजलेत. तुम्ही केंद्राध्यक्ष आहात. पहिला मतदार आत आलाय, बोटाला शाई लागलीय, पण त्यानं अजून बटण दाबलेलं नाही. मशीनवर एकूण मतं दिसतायत पन्नास. एजंट उठून विचारतोय, ‘साहेब, ही पन्नास मतं कुणाची?’ पहिलं कोणतं बटण दाबाल? कुणाला विचारू नका. कागदावर लिहा.”

एवढंच. नमस्कार नाही, नाव नाही, विषयाची ओळख नाही. ते सगळं चार मिनिटांनी सांगता येतं.

आता हे असं का लिहिलं, ते सांगतो. मागच्या रांगेला कळेल अशा गतीनं बोललं तर सेकंदाला दोनच्या आसपास शब्द बसतात. तीस सेकंदांना साठ. मी पन्नासच्या आत थांबलो, कारण ‘पन्नास’ या शब्दानंतर आणि एजंटच्या प्रश्नानंतर थांबावं लागतं. तिथे घाई केली तर सगळं वाया. घड्याळ लावून मोठ्यानं वाचा. मनात वाचलेलं नेहमी लवकर संपतं, सभागृहात तेच लांबतं.

माझा पहिला खर्डा वेगळा होता: “मॉक पोल इतका महत्त्वाचा का असतो, कुणी सांगेल का?” तो मी घरीच फाडला. या प्रश्नाचं उत्तर प्रत्येकाला येतं आणि म्हणूनच कुणी देत नाही. दुसऱ्या खर्ड्यात एका केंद्रावरची हकीकत होती: गावापासून सुरुवात, मग पाऊस, मग एसटी उशिरा. तीस सेकंदांत मशीनपर्यंत पोचतच नव्हतो. तिसऱ्यात मी ऐकणाऱ्यालाच खुर्चीत बसवलं आणि अडचण आधीच घडवून टाकली. नवखा सुटतो, मुरलेला अडकतो, असा प्रश्न दुपारी लागतो. कारण झोपणारा मुरलेलाच असतो.

आणि तो अडकला. तिसऱ्या रांगेतून एक ज्येष्ठ गुरुजी ओरडले, “क्लिअर मारायचं की सर, त्यात काय!” मी म्हणालो, “या अण्णा, मारा.” ते पुढे आले, क्लिअर दाबलं. मशीननं दाखवलं: INVALID. सभागृहात पहिल्यांदा हशा पिकला आणि मागचे लोक उभे राहून बघायला लागले. क्लिअर थेट चालत नाही. आधी क्लोज, मग रिझल्ट, मग क्लिअर. क्रम चुकला की मशीन ऐकत नाही. अण्णांना हा क्रम माहीत होता, अनेक निवडणुका त्यांनी काढल्या होत्या. पण वही बंद असताना माहीत असणं आणि एजंट समोर उभा असताना बोट नेमकं कुठे जातं, यातला फरक त्या एका शब्दानं सगळ्यांना दाखवला.

तिथून माझा विषय आपोआप उघडला. मॉक पोल मतदानाच्या दीड तास आधी सुरू करायचा, किमान पन्नास मतं टाकायची, नोटासकट प्रत्येक उमेदवाराला निदान एक. निकाल एजंटांना दाखवून जुळवायचा, क्लिअर करायचं, एकूण शून्य दाखवायचं, व्हीव्हीपॅटच्या पेटीतल्या चिठ्ठ्या काढून काळ्या पाकिटात सील करायच्या. माझ्या गोष्टीतल्या केंद्राध्यक्षाकडे अजून वेळ आहे, कारण खरं मत पडलेलं नाही. एजंटांच्या समोर तो सगळा क्रम पूर्ण करू शकतो. पण एक जरी खरं मत पडलं असेल, तर क्लिअरला हात लावायचा नाही. क्षेत्रीय अधिकाऱ्याला फोन करायचा. कारण आता क्लिअर केलं तर मतदाराचं मत पुसलं जाईल, आणि तसंच चालू ठेवलं तर संध्याकाळी मशीनचा आकडा आणि सतरा-सीचा आकडा जुळणार नाही. खाली सही तुमची असते. ही शेवटची गोष्ट सांगताना सभागृहात पेनांचा आवाज येत होता.

सुरुवात लागली की नाही, हे टाळ्यांवरून ओळखू नका. पेन बाहेर आलं का, शेजारी-शेजारी उत्तरावरून वाद सुरू झाला का, कुणी चुकीचं उत्तर मोठ्यानं दिलं का, ते बघा. चुकीचं उत्तर आलं नाही तर तुमचा प्रश्न सोपा आहे.

आणखी काही गोष्टी. मशीनचा आकडा मागून दिसत नाही, म्हणून ‘५०’ फळ्यावर मोठा लिहून ठेवा. सगळ्यांना उभं करून टाळ्या वाजवायला लावू नका. पन्नाशीतल्या मुख्याध्यापिकांना ते आवडत नाही आणि त्या बसल्यावर आणखी नाराज असतात. जेवणाचा, झोपेचा, उन्हाचा उल्लेख करू नका. माईक आधी तपासा, पाणी जवळ ठेवा, हे सगळेच सांगतात, मीही सांगतो.

बॅच बदलली की प्रश्नही बदला. मशीनला हात न लावणाऱ्या दोन नंबरच्या मतदान अधिकाऱ्यांसमोर पन्नास मतांची गोष्ट चालत नाही. त्यांना मी विचारतो: शाई लावली, नोंदवहीत सही घेतली, आणि मतदार म्हणतो, “मला मत द्यायचंच नाही.” आता नोंदवहीत काय लिहाल? नियम ४९-ओ तिथून सुरू होतो. आणि हे लक्षात ठेवा, या तीस सेकंदांनी तुम्हाला चार-पाच मिनिटं मिळतात, पूर्ण दुपार नाही. तेवढ्या वेळात लोकांच्या हातात मशीन गेलं नाही, तर ते पुन्हा मान टाकतात.

नंतर कानावर आलं, की साताऱ्याकडच्या त्याच महाशयांनी ‘पन्नास मतं’ स्वतःच्या नावावर एका सत्रात वापरली. मशीन जोडून ठेवलेलं नव्हतं, म्हणून स्लाइडवर चित्र दाखवलं. अर्थात अण्णांसारखा कुणी पुढे आला नाही. वापरा, माझी ना नाही. पण प्रशिक्षण ठरवणाऱ्या सर्व साहेबांना हात जोडून विनंती आहे: सत्राच्या पहिल्या तीस सेकंदांत स्वागत, सूचना आणि हजेरी घुसवू नका, आणि ती जो उभा राहणार आहे त्यालाच लिहू द्या. शेरा मारायचाच असेल, तर तेवढं दिल्यानंतर मारा.