माला-एन सुरू करण्याआधी बीपी मोजून घ्या

रविवारी विहारात आम्ही बीपीचं मशीन घेऊन बसलो होतो. सदतीस वर्षांची एक ताई बाजूला येऊन हळूच म्हणाली, "सिस्टर, काल रात्री निरोध फाटला. ७२ तासांची गोळी घेऊ का? आणि सारखा हा घोर नको. शेजारणीकडं माला-एनचं पाकीट आहे, तेच सुरू करते." पहिल्या प्रश्नाला आम्ही 'हो, आजच घ्या' म्हणालो. दुसऱ्याला मात्र 'थांबा' म्हणावं लागलं. असं का, ते समजून घेऊ.

७२ तासांच्या गोळीत लेव्होनॉरजेस्ट्रेल हे प्रोजेस्टिन जातीचं एकच हार्मोन असतं, १.५ मिलिग्रॅम. ते अंडाशयातून स्त्रीबीज बाहेर पडणं काही दिवस पुढे ढकलतं. पुरुषबीज बाईच्या शरीरात पाच दिवसांपर्यंत जिवंत राहू शकतं. तेवढ्या काळात स्त्रीबीज आलंच नाही, तर गर्भ राहत नाही. पण बीज आधीच सुटलं असेल, तर गोळीचा उपयोग होत नाही. म्हणून ७२ तासांची वाट बघायची नाही, जितकी लवकर घ्याल तितकी चांगली. दोन तासांच्या आत उलटी झाली, तर पुन्हा एक गोळी घ्यावी लागते. राहिलेला गर्भ या गोळीनं पडत नाही. आणि बीज पुढे ढकललं गेल्यामुळे त्याच महिन्यात नंतर संबंध आला, तर दिवस जाऊ शकतात, तेव्हा निरोध वापरायचाच. पाळी थोडी मागेपुढे होते. आठवड्याहून जास्त लांबली, तर लघवीची तपासणी करून घ्या.

आता माला-एन. पाकिटात २८ गोळ्या असतात. त्यातल्या २१ हार्मोनच्या, उरलेल्या ७ रंगीत गोळ्या लोहाच्या. हार्मोनच्या गोळीत प्रोजेस्टिनबरोबर इस्ट्रोजेनही असतं. रोज गोळी पोटात गेली की दोन्ही मिळून मेंदूकडून अंडाशयाला जाणारा निरोप थांबवतात, त्यामुळे बीज तयारच होत नाही. प्रोजेस्टिन गर्भाशयाच्या तोंडाशी असलेला स्राव घट्ट करतं, म्हणजे पुरुषबीज आत शिरत नाही. इस्ट्रोजेन गर्भाशयाचं अस्तर सांभाळतं, त्यामुळे अधूनमधून रक्त जाणं कमी होतं. सुरुवातीचे दोन-तीन महिने मळमळ, छाती दुखणं, मधेच डाग पडणं हे होतं आणि बहुतेकींचं आपोआप थांबतं.

खरी काळजी इस्ट्रोजेनची आहे. त्याच्यामुळे यकृत रक्त गोठवणारे घटक जास्त बनवतं. निरोगी तरुण बाईत गुठळी होण्याचा धोका फार थोडा असतो. पण बीपी १४० / ९० किंवा त्याहून वर असेल, वय ३५ च्या पुढे असून बिडी-सिगारेट ओढत असेल, पूर्वी गुठळी झाली असेल, किंवा डोळ्यांपुढे चमकत्या रेषा येऊन मग डोकं दुखत असेल, तर झटका किंवा लकव्याचा धोका वाढतो. अशा बाईनं ही गोळी घेऊ नये. बाळ सहा महिन्यांचं होईपर्यंत अंगावर पाजणाऱ्या आईनंही नाही. टीबीच्या कोर्समधल्या रिफॅम्पिसिनमुळे हार्मोन शरीरातून लवकर संपतं आणि गोळ्या चालू असूनही दिवस जातात, म्हणून औषध चालू असेल तर आधी सांगा.

त्या ताईंचं बीपी १५० / ९६ निघालं. एका मोजणीवर ठरवायचं नसतं, म्हणून मंगळवारी पुन्हा मोजलं. तेव्हाही १४८ / ९४. माला-एन त्यांच्यासाठी नव्हतीच. ७२ तासांच्या गोळीत इस्ट्रोजेन नसल्यामुळे ती मात्र त्यांना चालली. आम्ही त्यांना सरकारी दवाखान्यात नेलं. तांबी, म्हणजे कॉपर-टी, यात हार्मोन नसतं, आणि संबंधानंतर पाच दिवसांच्या आत बसवली तर ती त्या वेळचाही बचाव करते आणि पुढे कित्येक वर्षं चालते. तीन महिन्यांचं अंतरा इंजेक्शनही फक्त प्रोजेस्टिनचं असतं, पण त्यानं पाळी अनियमित होते किंवा बंद होते. दोन्ही ऐकून त्यांनी त्याच दिवशी तांबी बसवून घेतली. बीपीचे उपचारही सुरू झाले.

माला-एन चालू असलेल्या बायांनी एवढं लक्षात ठेवा: एकाच पायाची पोटरी सुजून दुखणं, अचानक दम लागणं किंवा छातीत दुखणं, कधी नव्हे इतकं डोकं दुखणं, एका बाजूची ताकद जाणं किंवा बोलताना जीभ अडखळणं. यातलं काहीही झालं, तर गोळी बंद करून लगेच मोठा दवाखाना गाठा आणि गोळ्या घेत असल्याचं डॉक्टरांना स्वतःहून सांगा. घरातल्या कुणाला तरी हे पाकीट कुठं ठेवलंय ते माहीत असू द्या, कारण त्या वेळी बोलता येईलच असं नाही.