आधी भिंत ठोकून पाहा, मग कमोड निवडा

पुण्यातल्या जुन्या सोसायट्यांमधली संडास-बाथरूम नव्याने करून देणं हे माझं काम. भिंतीवर टांगलेला कमोड घ्यावा की जमिनीवर बसणारा, हा प्रश्न हल्ली जवळपास प्रत्येक घरात निघतो. त्याबद्दल साइटवर जे शिकलो ते असं.

१. जागा वाचते की नाही, हे भिंतीची जाडी ठरवते. कोथरूडच्या एका घरात बाथरूम चार फूट बाय साडेसहा फूट होतं. कमोडमागची भिंत चार इंची आणि पलीकडे बेडरूम. काकूंना जमीन मोकळी हवी होती, म्हणून त्या टांगत्या कमोडवर ठाम होत्या. पण चार इंची भिंत टाकीसाठी खोदली की मागे नुसतं प्लास्टर उरतं आणि बेडरूमच्या बाजूने तडा जातो. म्हणून फ्रेम भिंतीच्या पुढे उभी करून तिच्याभोवती साधारण १६० मिलिमीटरचा कट्टा बांधावा लागणार होता. पुढे कमोडचं भांडं ५३० मिलिमीटर, म्हणजे एकूण ६९०. जमिनीवरचा वन-पीस कमोडही तेवढीच जागा घेत होता. मी काकूंना खडूने दोन्ही मापं फरशीवर आखून दाखवली. तरीही त्यांनी टांगताच घेतला. भांड्याखालून फडकं फिरवता यावं आणि वर सामान ठेवायला कट्टा मिळावा, ही त्यांची खरी गरज होती, आणि ती रास्तच होती. मागे नऊ इंची भिंत असती किंवा फ्रेम डक्टच्या बाजूला सरकवता आली असती, तर जागाही वाचली असती.

२. माणसाचं वजन भिंतीने नव्हे, फ्रेमने पेलायचं असतं. टांगत्या कमोडची चाचणी ४०० किलो भाराला होते, पण तो भार पुढे कुठे जातो ते आपल्या बांधकामावर असतं. सिपोरेक्सच्या किंवा चार इंची भिंतीत नुसते बोल्ट मारून कमोड टांगू नये. पाय असलेली, जमिनीवर उभी राहणारी लोखंडी फ्रेमच घ्यावी. भिंतीतल्या बोल्टांनी तिला फक्त सरळ धरून ठेवायचं.

आता हे पाय कशावर टेकतात ते बघा. आपल्याकडे बाथरूमचा स्लॅब बहुधा खाली सोडलेला असतो आणि वरची भर विटांच्या तुकड्यांच्या कोब्याची असते. फरशीतून मारलेला बोल्ट त्या कोब्यातच अडकतो. काही महिन्यांत कमोड हलकासा डुलू लागतो आणि भांड्याच्या कडेचं सिलिकॉन सुटतं. तेव्हाच ओळखावं की बोल्ट कोब्यातच अडकलाय. बोल्ट खोल नेला तर खालचं वॉटरप्रूफिंग फुटतं आणि खालच्या घराच्या छताला ओल येते. म्हणून भर घालण्याआधीच पायांच्या जागी स्लॅबपासून काँक्रीटचे ठोकळे ओतून घ्यायचे, वॉटरप्रूफिंग त्यांच्या अंगावर चढवायचं आणि मग कोबा करायचा. बाथरूम पूर्ण फोडायचं नसेल तर हे जमत नाही. अशा घरात मी सरळ जमिनीवरचा कमोड बसवतो.

३. मैल्याच्या पाइपचं तोंड बघा. जुन्या घरात ते बहुतेक जमिनीत असतं. टांगत्या कमोडला ते भिंतीत, तयार फरशीपासून साधारण नऊ इंचांवर लागतं. डक्ट लगेच मागे असेल तर काम सोपं, नसेल तर कट्ट्याच्या आतून वळण काढावं लागतं.

४. ‘टाकी भिंतीत गेली म्हणजे बिघाड झाला की टाइल फोडा’, ही भीती बरीचशी अनाठायी आहे. फ्लश दाबायची प्लेट हीच दुरुस्तीची खिडकी. ती काढली की आत हात घालून पाण्याचा कॉक बंद करता येतो. पाणी भरणारा व्हॉल्व्ह आणि तळाचा फ्लश व्हॉल्व्ह दोन्ही त्याच वाटेने बाहेर येतात. भांड्यात सतत बारीक धार दिसत असेल तर बहुतेक वेळा तळाच्या व्हॉल्व्हची रबरी वॉशर गेलेली असते. बोअरच्या जड पाण्यात ती लवकर कडक होते. फ्लशचा पाइप भांड्याला मिळतो तिथलं रबर गळत असेल तर भांड्याचे दोन नट सोडले की काम होतं.

टाइल फोडायची वेळ खरोखर येते ती भिंतीतला पाण्याचा पाइप गळला किंवा टाकीच चिरली तर. म्हणून टाइल लावण्याआधी टाकी भरून रात्रभर ठेवतो आणि सकाळी प्रत्येक जोडाला कोरडा कागद लावून बघतो. टाइलवाल्याला प्लेटचं भोक कंपनीने दिलेल्या मापापेक्षा लहान करू देत नाही, कारण मग व्हॉल्व्ह बाहेरच निघत नाही. आणि घरमालकाला टाकीचं मॉडेल लिहून देतो, कारण एका कंपनीचा व्हॉल्व्ह दुसरीच्या टाकीत सहसा बसत नाही.

५. घरात गुडघे दुखणारं कोणी असेल तर टांगत्या कमोडची एक सोय मोठी आहे. बैठकीची उंची आपण ठरवू शकतो. पण ती फ्रेम पक्की करतानाच, तयार फरशीच्या पातळीपासून मोजून. त्या माणसाला खुर्चीवर बसवून, पाय जमिनीवर नीट टेकतात ती उंची घ्यावी.