हॅशटॅग मोजकेच, पण नेमके

येवल्याच्या काही पैठणी विणकर कुटुंबांची इन्स्टाग्राम खाती सांभाळायला मी मदत करते. रील चढवताना मला हमखास विचारलं जातं, "ताई, टॅग वाढवले तर माणसं वाढतील ना?" या प्रश्नाचं उत्तर कामातूनच हळूहळू उलगडत गेलं. ते इथे क्रमाने मांडते.

1. टॅग रील पसरवत नाही, ती कशाची आहे हे सांगतो.

शब्दाआधी # लावला की तो शब्द दाबता येतो आणि त्याच टॅगच्या सगळ्या पोस्ट एका ठिकाणी दिसतात. ही कल्पना 2007 मध्ये ट्विटरवर ख्रिस मेसिना यांनी सुचवली आणि 2011 पासून इन्स्टाग्रामवरही आली. तेव्हा लोक टॅगच्या पानावर जाऊन नवे फोटो शोधत. आता बहुतेक रील माणसं शोधत नाहीत, ॲपच त्यांच्यापुढे ठेवतं. इन्स्टाग्रामने 2024 मध्ये सांगितल्याप्रमाणे रील आधी थोड्या लोकांना दाखवली जाते आणि त्यांना ती आवडली तर आणखी लोकांपुढे जाते. तिथे वजन असतं ते रील किती वेळ पाहिली, कुणाला पाठवली, कुणी लाइक केली याला. विषय ओळखायला आणि शोधात सापडायला टॅगची मदत होते. डब्यावरच्या चिठ्ठीचं काम ते एवढंच, आतल्या जिन्नसाची चव चिठ्ठीने बदलत नाही.

2. मोठ्या टॅगखाली रील दिसत नाही, छोट्या टॅगखाली दिसते.

#love या टॅगखाली अब्जावधी पोस्ट आहेत. #viral, #explorepage, #instagood यांचीही तीच तऱ्हा. तिथे सतत नव्या पोस्ट येत असतात आणि वर राहतात त्या आधीच गाजलेल्या. शिवाय #love शोधणाऱ्याला पैठणी हवी असते असं थोडंच आहे!

याउलट कडियल पैठणीचं घ्या. तिच्या काठात ताणा आणि बाणा एकाच रंगाचे असतात, अंगाचा रंग वेगळा. त्यामुळे काठांसाठी आणि अंगासाठी वेगवेगळे धोटे चालवावे लागतात. हे ठाऊक असलेली बाई शोधताना "kadiyal paithani" असंच लिहिते. त्या टॅगखाली पोस्ट कमी आणि बघणारेही कमी, पण जे येतात ते दर आणि रंग विचारायलाच येतात. विणकराला असा माणूस हवा असतो.

3. तीस टॅग लावून तीसपट लोक येत नाहीत.

इन्स्टाग्रामवर अनेक वर्षं एका पोस्टला 30 टॅगची मुभा होती. मुभा आहे म्हणून सगळे तीस भरायचे, अशी पद्धत पडली. पण 2021 मध्ये इन्स्टाग्रामनेच निर्मात्यांना 3 ते 5 टॅग पुरेत असं सांगितलं आणि दहा-वीस टॅगांची रांग लावू नका असंही बजावलं. त्याचं कारण कामात स्पष्ट दिसतं. पैठणीच्या रीलला नेमके शब्द चार-पाचच असतात. पुढचे पंचवीस भरायचे तर #wedding, #makeup, #bollywood असे लांबचे शब्द शोधावे लागत. ते विषय स्पष्ट करण्याऐवजी धूसर करतात. त्यांच्यामुळे कुणी आलंच तरी पहिल्या दोन सेकंदांत पुढे सरकतं, आणि असं सरकणं रीलच्या विरोधात मोजलं जातं.

यूट्यूबचा नियम तर थेट आहे. एका व्हिडिओला 60 पेक्षा जास्त हॅशटॅग असतील तर त्यातला एकही धरला जात नाही.

4. टॅग निवडताना शोधणाऱ्याच्या बोटांचा विचार करावा.

एका रीलचं उदाहरण सांगते. विणकरदादांनी पदर उलटा करून दाखवला होता. हातमागावरच्या पैठणीत नक्षीचे धागे एकमेकांत गुंतवून विणतात, त्यामुळे मागची बाजूही जवळजवळ पुढच्यासारखीच दिसते. यंत्रमागाच्या साडीमागे मात्र मोकळे किंवा कापलेले धागे दिसतात. या रीलला आम्ही पाच टॅग ठेवले: #paithani, #yeolapaithani, #kadiyalpaithani, #handloomsaree आणि #पैठणी. पहिला वस्तूचा, दुसरा गावाचा, तिसरा प्रकाराचा, चौथा हातमागाच्या साड्या बघणाऱ्यांसाठी.

पाचवा देवनागरीत का? कारण ॲपच्या लेखी #paithani आणि #पैठणी हे दोन निरनिराळे टॅग आहेत. मराठी बोलणारी कितीतरी माणसं फोनवर रोमन अक्षरांतच शोधतात, तर काही जण देवनागरीत. दोघांचीही सोय हवी. टॅगमध्ये जागा सोडायची नाही हेही लक्षात ठेवायचं. "#येवला पैठणी" लिहिलं की टॅग फक्त #येवला एवढाच होतो. आडवी रेघ (-) घातली तरी टॅग तिथेच तुटतो. दोन शब्द वेगळे दिसायला हवे असतील तर मध्ये अंडरस्कोअर चालतो.

5. टॅगपेक्षा कॅप्शनचं वाक्य जास्त काम करतं.

इन्स्टाग्रामचे प्रमुख ॲडम मोसेरी यांनी 2021 मध्ये शोध कसा चालतो ते समजावताना सांगितलं होतं, की पोस्ट शोधात सापडायला हवी असेल तर महत्त्वाचे शब्द आणि टॅग कॅप्शनमध्ये लिहा, कमेंटमध्ये नाही. म्हणून आम्ही कॅप्शनमध्ये साधं वाक्य लिहिलं: "येवल्याच्या हातमागावर विणलेली कडियल पैठणी, मागच्या बाजूवरून कशी ओळखावी". सोबत येवला हे ठिकाण जोडलं आणि खात्याच्या ओळखीत 'हातमाग पैठणी, येवला' हे शब्द घातले. ज्याला टॅग माहीतच नाही, तो या शब्दांवरून पोहोचतो.

6. उपयोग झाला की नाही, हे लाइकवरून ठरवू नये.

खातं प्रोफेशनल केलं की इन्साइट्समध्ये बघणाऱ्यांपैकी फॉलो न करणारे किती, हे दिसतं. टॅगचा, शोधाचा आणि शिफारशीचा परिणाम याच आकड्यात मिसळलेला असतो. त्याच्याशेजारी सेव्ह, शेअर आणि मेसेजमधून आलेली विचारणा ठेवून बघावी. बाहेरचे बघणारे वाढले पण सेव्ह आणि विचारणा वाढली नाही, तर चुकीची माणसं येताहेत असं समजावं आणि सैल टॅग काढावेत. बाहेरचे बघणारेच घटले, तर आधी सेटिंग्जमधलं अकाउंट स्टेटस उघडावं. तुमची पोस्ट अनोळखी लोकांना सुचवली जाऊ शकते की नाही, हे तिथे कळतं. तसंच खातं प्रायव्हेट असेल तर टॅग कितीही लावा, फॉलोअर सोडून कुणालाच पोस्ट दिसणार नाही.

टॅगची खरी परीक्षा घ्यायची तर एकसारख्या विषयाच्या रील साधारण एकाच वेळी टाकाव्यात आणि फक्त टॅग बदलावेत. एका रीलवरून निष्कर्ष काढू नये, कारण सणासुदीला किंवा लग्नसराईत पैठणी तशीही जास्त बघितली जाते.

विणकरांच्या घरी मी आता एकच विनंती करते. टॅग लिहिण्याआधी स्वतःला विचारा, हा शब्द शोधणाऱ्या माणसाला माझी ही साडी बघून समाधान वाटेल का? उत्तर हो असेल तर टॅग ठेवा. नसेल तर त्या टॅगसाठी घालवायचा वेळ रीलच्या पहिल्या तीन सेकंदांना द्या, कारण थांबायचं की पुढे जायचं हे बघणारा तिथेच ठरवतो.