लाल दिवा कुठं ठेवला?

एमपीएससीचा नाद सोडून पुण्याहून गावी आलो आणि वडिलांच्या खत-बियाण्यांच्या दुकानात बसू लागलो. पूर्व निघायची, मुख्यला अडायचं. टपरीवर गेलो की माझा मित्र पक्या लांबूनच ओरडायचा, "या कलेक्टरसाहेब! लाल दिवा कुठं ठेवला?" (गाड्यांवरचे लाल दिवे २०१७ मध्येच गेले, पण आमच्या टपरीवर तो अजून पेटता होता.) पक्याच्या मनात खोट नव्हती. क्लासची फी अडली तेव्हा पैसे त्यानंच दिले होते, म्हणूनच बोलायला जीभ रेटत नव्हती.

मग बहिणीसाठी स्थळ घेऊन आलेल्या एका पाहुण्यांनी ते ऐकलं आणि मला अगदी आदरानं विचारलं, "कुठल्या जिल्ह्याला असता?" त्यांना खरं सांगताना सगळी टपरी ऐकत होती.

अशा वेळी आपण बहुतेक जण हसण्यावारी नेतो, आणि तेच हसू पुढच्या वेळचा परवाना ठरतं. उलट टोला हाणला तर जुगलबंदी रंगते. चारचौघांत "मला वाईट वाटतं" म्हटलं की कुणीतरी "एवढं काय लावून घेतोस" म्हणणारच, आणि मग बाजू आपल्यालाच मांडावी लागते. म्हणून तिथं त्याबद्दल एकच वाक्य बोलावं, तेही चेहरा मोकळा ठेवून. मी म्हणालो, "पक्या, ते कलेक्टर आता बास हं. बरं, तुझ्या उसाला तोड कधी लागतेय?" दुसरं वाक्य पहिल्याइतकंच महत्त्वाचं. त्याला बोलायला काहीतरी मिळालं, त्यामुळे तोंडघशी पडल्यासारखं झालं नाही.

खरं बोलणं दुसऱ्या दिवशी, दोघंच असताना झालं. तिथं मोघम बोलून चालत नाही. "माझी चेष्टा करू नको" म्हटलं तर मित्राला वाटतं, आता याच्याशी जपूनच बोलायचं. मी सांगितलं, "माझ्या पोटावरून बोल, गाडीवरून बोल. परीक्षेचं तेवढं लोकांत काढू नको." तो थोडा गप्प झाला. "आधी बोलायचंस की," एवढंच म्हणाला.

मात्र एकदा सांगून भागत नाही. मित्र एकदा चाचपून बघतोच. पंधरवड्यानं "माजी साहेब" आलं. तेव्हा मी हसलो नाही. "पक्या, ठरलंय आपलं," म्हणालो आणि चहा पीत राहिलो. पुन्हा झालं असतं तर चहा अर्धा ठेवून उठायचं मनाशी ठरवलं होतं, भांडणाशिवाय. तशी वेळ आली नाही. पण बाकीच्यांच्या तोंडी तो शब्द बसला होता, आणि त्यांना मी एकेकट्याला सांगत बसलो असतो तर गंमत वाढली असती. ते काम पक्यावरच सोपवलं. ज्यानं नाव पाडलं त्यानंच थांबवलं की लोक लवकर ऐकतात.

मोटारसायकलवर दोघंच असलो की तो अजून कलेक्टर म्हणतो. ते मी चालू दिलंय.