फोटो माझा, निवड परक्यांची

“मॅडम, हा फोटो किती वर्षांपूर्वीचा?”

मुलाखतीतला पहिला प्रश्न हा. पडद्यावर एचआरचा जेमतेम तिशीतला मुलगा. फोटो महिन्याभरापूर्वीचाच होता, तसं मी सांगितलं. तो नुसतं “अच्छा” म्हणाला आणि पुढची वीस मिनिटं माझ्या सतरा वर्षांच्या अकाउंट्सच्या कामाबद्दल कुठेतरी बाजूला बघत विचारत राहिला. मी खोटं बोलते आहे, असं त्याने मनात धरलं होतं. नंतर फोन आलाच नाही. निवड नाही झाली तर नाही, पण वय लपवल्याचा संशय माझ्यावर का? आजही आठवलं की डोकं तापतं.

लिंक्डइनवर टाकायला त्या दिवशी मी चोवीस सेल्फी काढल्या होत्या. निवडली ती अकरावी. हात उंच धरलेला, मान जरा कललेली, चेहरा तुकतुकीत. ह्यांनाही तीच आवडली आणि बहिणीलाही. सतरावी मी बघताक्षणी बाद केली, कारण सरळ कॅमेऱ्यात बघतानाचा माझा चेहरा तीत वाकडा वाटत होता.

मुलाखतीनंतर दोन दिवसांनी चोवीसच्या चोवीस पुन्हा उघडल्या. अकरावी मोठी करून पाहिली, तर डाव्या भुवईवरचा लहानपणीचा व्रण गायब. डोळ्यांखालच्या रेषाही नाहीत. पुढच्या कॅमेऱ्याचा ब्यूटी मोड आपोआप चालू होता आणि मला त्याचा पत्ताच नव्हता. सतरावी काढताना तो बंद झाला असावा, कारण तीत व्रण जागच्या जागी होता. त्या मुलाचं वागणं तरीही मला मान्य नाही. पण त्याला फोटोतली बाई आणि समोरची बाई वेगळी का वाटली, ते तिथे कळलं.

मग सतरावी वाकडी का वाटली? आपण स्वतःला जन्मभर आरशात बघतो. सेल्फी काढतानाही पडद्यावर आरशासारखंच दिसतं, पण बरेच फोन फोटो जतन करताना उलटा करतात, म्हणजे जग आपल्याला बघतं तसा. माझा भांग दुसऱ्या बाजूला गेलेला, ओठाची किंचित वर जाणारी कड भलतीकडे. इतरांना तो रोजचाच चेहरा, अनोळखी वाटतो तो फक्त आपल्याला. मान कललेल्या फोटोत हा फरक झाकला जातो, म्हणून मला अकरावी बरी वाटली.

आपला फोटो कुणी निवडावा, यावर अभ्यासही झालेला आहे. ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्स विद्यापीठातल्या डेव्हिड व्हाइट आणि सहकाऱ्यांनी 2017 मध्ये दाखवलं की, स्वतः निवडलेल्या आपल्या फोटोंपेक्षा अनोळखी माणसांनी निवडलेल्या आपल्याच फोटोंचा बघणाऱ्यांवर जास्त चांगला प्रभाव पडतो. हे वाचलं तेव्हा मला रडूच आलं. घरच्यांना विचारून मी काय मिळवलं? त्यांना मी माहीत आहे, ते फोटोत मलाच शोधतात.

तेव्हा चोवीसातून अंधूक आणि डोळे मिटलेले काढून टाका, पाच-सहा ठेवा आणि तुम्हाला फारसं न ओळखणाऱ्या पाच जणांना पाठवा. “कोणता छान आहे?” असं विचारू नका, छान म्हटलं की सगळे लग्नातला फोटो निवडतात. मी विचारलं, “यातल्या कोणत्या बाईकडे तुम्ही तुमच्या धंद्याचे हिशेब सोपवाल?” सोसायटीचे सेक्रेटरी, पोळीभाजी केंद्राच्या ताई, मुलाच्या क्लासचे सर, असे पाच जण. चौघांनी सतरावी सांगितली. अकरावी एकानेही नाही.

पाठवण्याआधी प्रत्येक फोटो चौकोनी कापून बोटाच्या पेराएवढा करून बघा. शोधयादीत तो तेवढ्याच गोलात दिसतो, कोपरे कापले जातात. सतराव्या फोटोत खांद्यापासून वरचा भाग गोलात नीट बसत होता आणि खिडकी समोर असल्याने डोळे दिसत होते. अकरावीत खिडकी मागे होती, लहान केल्यावर चेहऱ्याच्या जागी नुसती सावली.

कपडे इस्त्रीचे असावेत, मागे पसारा नसावा, हे सगळेच सांगतात.

सेल्फीचा एक दोष मात्र निवडून जात नाही. फोन चेहऱ्यापासून फूटभरावर असला की जवळचं मोठं दिसतं. अमेरिकेतल्या डॉक्टरांनी 2018 मध्ये गणित मांडलं, की बारा इंचांवरून नाक पाच फुटांवरून दिसतं त्यापेक्षा सुमारे 30 टक्के रुंद दिसतं. माझी सतरावीही त्यातून सुटली नव्हती. म्हणून पाच फुटांवर, खिडकीच्या कट्ट्यावर पोह्यांचा डबा ठेवला, त्याला टेकवून फोन उभा केला, मागचा कॅमेरा, दहा सेकंदांचा टायमर, ब्यूटी मोड बंद. नऊ फोटो निघाले. ते त्याच पाच जणांना पाठवले आहेत. तिघांचं उत्तर आलं, सेक्रेटरींचं यायचं आहे.