मन्या, तो मेसेज अजून पाठवू नकोस

चि. मन्या,


सकाळी वहिनींचा फोन आला होता. मसाल्याच्या पाउचचं काम दिलेल्या त्या शेठना पाठवण्यासाठी तू रात्री काहीतरी लिहिलंस, जेवताना बाबांना वाचून दाखवलंस, आणि ते म्हणाले, "बरोबर लिहिलंयस, पाठव." हे ऐकल्यापासून माझं कशात लक्ष नाही. दादा काय म्हणणार ते मला आधीच ठाऊक होतं. त्यांनी स्वतः रागाच्या भरात जे पत्र साहेबांच्या टेबलावर ठेवलं, त्याची किंमत आपल्या घराने किती वर्षं मोजली ते तू लहानपणी पाहिलंयस. म्हणून आधी एवढंच विचारते : पाठवलं तर नाहीस ना?

वहिनींनी मला तुझा मजकूर पाठवलाय. त्यांच्यावर चिडू नकोस, मीच मागितला. "तुम्हाला स्वतःलाच काय हवंय ते माहीत नाही. दर दोन दिवसांनी नवीन काहीतरी काढता. हे आधी ठरलं नव्हतं. मी तुमचा नोकर नाही. आधी पैसे टाका, मग पुढचं बोलू." पाच वाक्यं आहेत. तुझा राग खोटा आहे असं मी म्हणणार नाही. पण यातली दोन वाक्यं त्या माणसाविषयी आहेत आणि तीन कामाविषयी. माणसाविषयीची दोन, म्हणजे पहिलं आणि चौथं, सरळ खोड. त्यांना उत्तर म्हणून फक्त भांडणच येऊ शकतं. उरलेल्या तिनांत तुझी सगळी बाजू आहे, पण रागाच्या भरात तू त्यांतला तपशील गाळलास. "दर दोन दिवसांनी" म्हणजे कोणत्या तारखेला काय? "ठरलं नव्हतं", तर मग काय ठरलं होतं? "पैसे टाका", पण कशाचे आणि किती?

तर कोटेशन आणि व्हॉट्सअ‍ॅप उघडून समोर ठेव आणि एकेक बदल वेगळा काढ. कोटेशनमध्ये तू लिहिलंयस : कांदा-लसूण, गोडा आणि मटण मसाला, तिन्हींचे 200 ग्रॅमचे पाउच, पुढची-मागची बाजू, दोन वेळा करेक्शन, एकूण 36,000 रुपये. 18,000 आगाऊ आलेत, उरलेले आर्टवर्क मंजूर झाल्यावर. लोगो मोठा करा आणि कांद्याचा लाल रंग गडद करा, ही झाली करेक्शनं. ती ठरलेल्या दोन फेऱ्यांत बसतात, त्यांबद्दल कुरकुर नको. पोषणमूल्यांच्या तक्त्यात दशांशचिन्ह सरकलं होतं ते तुझ्याकडून. ते कुठल्याच फेरीत मोजायचं नाही, मुकाट्याने दुरुस्त करून द्यायचं. मागच्या बाजूला हिंदी मजकूर हवा, ही मागणी मात्र अधलीमधली आहे. तू इंग्रजी आणि मराठी धरून चाललास, पण कोटेशनमध्ये भाषा लिहिलीच नाहीस. इंदूरला माल पाठवायचा असेल तर त्यांना हिंदी लागणारच, आणि ते त्यात धरलेलंच होतं असं त्यांना प्रामाणिकपणे वाटू शकतं. ते एकदा विनामोबदला दे, आणि देतोयस हे लिही. न सांगता दिलेली सवलत कुणाला दिसत नाही.

राहिलं 50 आणि 500 ग्रॅम, आणि दोन नवे मसाले. हे नवं काम आहे. पण शेठना ते तसं वाटत नाही, आणि मला वाटतं तुमचं सगळं बिनसलंय ते इथेच. त्यांनी लिहिलंय, "तेच फक्त छोटं करून द्या." तुला तो अपमान वाटला. मला त्यात फक्त न कळणं दिसतं. नव्या मापाच्या पाउचची कीलाइन वेगळी असते, घडी आणि सील दुसरीकडे येतात. शिवाय वजनाचे आणि एमआरपीचे आकडे किमान किती उंचीचे हवेत याचे नियम आहेत. 200 ग्रॅमचं डिझाइन निम्मं करून 50 ग्रॅमवर टाकलं की मागची अक्षरं त्या उंचीखाली जातात, म्हणून मागची बाजू नव्याने मांडावी लागते. मसाले कुटणाऱ्या माणसाला हे कुठून माहीत असणार? तू सांगितलं असतंस तर कळलं असतं. मेसेजमध्ये यासाठी एक वाक्य ठेव, एकच. व्याख्यान नको.

माझ्या प्रेसच्या पहिल्या वर्षांत मी असा मेसेज कधीच लिहिला नाही. मी तर रागावतही नव्हते. प्रूफ वाचायला आलेलं गिऱ्हाईक पत्रिकेच्या मजकुरात चार नावं घालायचं, मग आहेराची ओळ, मग एक जादा पान, आणि मी "हो, करते" म्हणत राहायचे. पैसे मागायची लाज वाटायची. त्यापायी किती संध्याकाळी गेल्या ते विचारू नकोस. अप्पांच्या शेवटच्या दिवाळीत मी पाडव्याला घरी आले ती रात्री साडेदहाला. ते झोपले होते. त्या दिवशीचं काम कोटेशनमध्ये नव्हतं, आणि त्याचा एक पैसाही मला मिळाला नाही. तुझ्या रागाची मला भीती वाटते, पण तू माझ्यासारखा गप्प बसावास असंही मला वाटत नाही. तू बोल. फक्त हे असं बोलू नकोस.

मी लिहिलं असतं ते असं. शब्द तुझे घाल, क्रम शक्यतो हाच ठेव.

"नमस्कार. तिन्ही पाउचची डिझाइन्स तुमच्या पसंतीला येत आहेत याचा आनंद आहे. गेल्या काही दिवसांत आलेल्या सूचना एकत्र करून पाठवतो आहे, म्हणजे पुढे दोघांचाही घोळ होणार नाही.

लोगो आणि रंगाचे बदल आपल्या कोटेशनमधल्या करेक्शनमध्ये येतात, ते करतो आहे. तक्त्यातली दुरुस्ती माझ्याकडची होती, ती झाली आहे. हिंदी मजकुराचा उल्लेख कोटेशनमध्ये राहून गेला होता. तुम्ही तपासलेला मजकूर पाठवलात की तिन्ही पाउचवर या वेळी वेगळा आकार न घेता बसवून देईन.

50 आणि 500 ग्रॅमची मापं आणि दोन नवे मसाले मूळ कामात नाहीत. प्रत्येक मापाची कीलाइन वेगळी असते आणि अक्षरांच्या उंचीचे नियम पाळून मागची बाजू नव्याने मांडावी लागते. तीन मसाल्यांच्या या दोन मापांचे मिळून सहा पाउच, प्रत्येकी 3,500 प्रमाणे 21,000 रुपये. दोन नवे मसाले मूळ दराने, प्रत्येकी 12,000 प्रमाणे 24,000 रुपये. यातलं दोन्ही, एक, किंवा सध्या काहीच नको, जे सोयीचं असेल ते कळवावं. तुमचा होकार आणि निम्मी रक्कम आली की त्या कामाला सुरुवात करेन.

मूळ तीन पाउच त्यासाठी अडणार नाहीत. हिंदी मजकूर बुधवारपर्यंत आला तर शनिवारी अंतिम आर्टवर्क पाठवतो. ते तुमच्या घरातून कोणा एकाने मंजूर करावं ही विनंती, कारण सिलिंडर कोरल्यानंतर केलेल्या बदलाचा खर्च तुमच्यावर येईल."

बघ, यात तुझं एकही म्हणणं सुटलेलं नाही. पैसे मागितलेत, नकार दिलाय, तारीख घातलीय. "मी नोकर नाही" हेसुद्धा आहे, "तुमचा होकार आला की सुरुवात करेन" या शब्दांत. शेवटचं सिलिंडरचं वाक्य गाळू नकोस. ग्रॅव्ह्युअर छपाईत प्रत्येक रंगाचा सिलिंडर वेगळा कोरतात, आणि नंतर एक ओळ हलवायची तरी ती ज्या रंगात आहे त्याचा सिलिंडर पुन्हा करावा लागतो. शेठ, त्यांचा मुलगा आणि सूनबाई असे तिघे तीन दिशांनी सूचना पाठवतात असं वहिनी म्हणाल्या. मंजुरी एकाच्या नावावर आली की निम्मे बदल घरातच मिटतील.

मूळ कामाच्या पैशांबद्दल कोटेशनमध्ये नसलेली कुठलीही अट मात्र आता नव्याने घालू नकोस. "आधी सगळे पैसे, मगच फाइल" असं तू म्हणायला लागलास की नियम बदलणारा तू ठरशील आणि आत्ता तुझ्या हातात असलेलं बळ जाईल. तशीच तुझी उद्यम नोंदणी. 2006 च्या कायद्याप्रमाणे अशी नोंदणी असलेल्या लहान उद्योगाचे पैसे, लेखी करार असला तरी, काम स्वीकारल्यापासून 45 दिवसांपुढे लांबवता येत नाहीत, हे तुला माहीत असू दे. या मेसेजमध्ये त्याचं नाव काढू नकोस. शेठनी अजून एक रुपयाही बुडवलेला नाही.

पाठवण्याआधी दिवसा, त्यांच्या दुकानाची गर्दी नसेल तेव्हा, एक फोन कर. "सूचना एकत्र लिहून पाठवतोय, जरा निवांत बघा," एवढंच. फोनवर दर ठरवू नकोस. समोरचा "अरे, एवढंच तर आहे" म्हणतो, आणि तू आवाज तरी चढवतोस नाहीतर अर्धं काम फुकट कबूल करून बसतोस. तसं म्हणालेच तर सांग, "हो, म्हणूनच नीट लिहून देतो."

आणि हे सगळं कशाने वाया जाईल ते सांगू? सोमवारी तू हा मेसेज पाठवशील, मंगळवारी रात्री सूनबाईंचा फोटो येईल, "50 ग्रॅमचं जरा करून बघा ना," आणि तू बरं दिसावं म्हणून करून पाठवशील. मग त्या मेसेजला काही अर्थ उरत नाही. उत्तर येईपर्यंत नव्या मापाची फाइल उघडायचीसुद्धा नाही. मूळ तीन पाउचचं काम मात्र एक तासही मागे पडू देऊ नकोस.

फार बोलले. अजून पाठवलं नसशील अशी आशा धरून लिहितेय. पाठवलं असशील तरी बिघडलं असं समजू नकोस, फोन कर, त्यातून वाट काढू. फोनवरच सांगितलं असतं, पण तू मधेच "कळलं गं आत्या" म्हणाला असतास आणि मला रात्रभर झोप लागली नसती.

तू चांगलं काम करतोस मन्या. गोड्या मसाल्याच्या पाउचवर तू काढलेली ती दगडफुलाची नक्षी मी शेजारच्या काकूंना दाखवली, त्यांना तो छापलेला पाउचच वाटला. आणि एक, हे वहिनींना सांगायचं नाही. शेठकडून शिल्लक यायला उशीर झाला तर या महिन्याच्या भाड्याचे पैसे माझ्याकडून घे. घरमालकाची तारीख पाच आहे, मला माहीत आहे. काही न बोलता खात्यावर पाठवते, परत करायची घाई करू नकोस. जेवत जा वेळेवर.

तुझी,
आत्या