लायसन हरवले तर : दुय्यम प्रत काढण्याची रीत



ऊसवाहतुकीचे करार करताना आम्ही शेती खात्यात प्रत्येक चालकाच्या लायसनची झेरॉक्स घेतो. दर हंगामात चार-पाच जण तरी सांगतात, "साहेब, लायसन होते, पण हरवले." कोणाचे पाकीट उसाच्या फडात पडते, कोणाचे कार्ड धुण्यात जाऊन पांढरे पडते. मग माणूस घाबरून एजंटाकडे जातो, तो सांगेल त्या कागदावर सही करतो आणि पुढे अडचणीत येतो. म्हणून या अंकात ऊसलागणीचा विषय बाजूला ठेवून लायसनच्या दुय्यम प्रतीची माहिती देत आहोत.

पहिली गोष्ट ध्यानात घ्या. कार्ड हरवले म्हणजे परवाना गेला असे नाही. परवाना म्हणजे परिवहन खात्याच्या दप्तरातील तुमची नोंद, आणि कार्ड हा तिचा दाखला. नोंद शाबूत असेल आणि मुदत संपलेली नसेल, तर तुमचा वाहन चालविण्याचा हक्क कायम आहे. अडचण येते ती रस्त्यावर लायसन दाखविण्याची. त्यासाठी केंद्रीय मोटार वाहन नियमांत २०१८ साली दुरुस्ती झाली. तिच्यानुसार कागदपत्र मोबाईलवर इलेक्ट्रॉनिक रूपातही दाखविता येते. मात्र ते सरकारच्या डिजिलॉकर किंवा एम-परिवहन या ॲपमध्ये उतरविलेले असले पाहिजे. कार्डाचा मोबाईलवर काढलेला साधा फोटो त्यात धरला जात नाही. तेव्हा दुय्यम प्रत येईपर्यंत ऐन गळितात ट्रॅक्टर उभा करण्याचे कारण नाही. डिजिलॉकरवर लायसन उतरवून घ्या आणि खेपा चालू ठेवा.

आता अर्जाकडे वळू. दुय्यम प्रत मागताना कारण लिहावे लागते, आणि कारणाप्रमाणे कागद बदलतात. नेमके इथेच लोक चुकतात.

कार्ड फाटले, मोडले किंवा अक्षरे पुसली गेली असतील, तर ते खराब झालेले कार्ड हाच तुमचा पुरावा. ते टाकून देऊ नका. अर्जासोबत ते कार्यालयात जमा करावे लागते. यात पोलीस ठाण्याचा संबंध येत नाही.

कार्ड हरवले असेल, तर ज्या हद्दीत हरवले त्या पोलीस ठाण्यात गहाळ झाल्याची नोंद करून दाखला घ्यावा. पाकीट मारले गेले असेल, तर ते 'गहाळ' नव्हे, चोरी आहे. तशी फिर्याद द्यावी आणि तिची प्रत जोडावी. दाखल्यावर लायसन नंबर अचूक पडला आहे ना, हे ठाण्यातच वाचून घ्या. एक आकडा चुकला तरी कार्यालयात कागद परत येतो.

तिसरा प्रकार हरवण्याचा नाहीच, पण हरवले म्हणून खपविला जातो. पोलिसांनी किंवा परिवहन अधिकाऱ्याने लायसन जप्त केलेले असते. अशा वेळी जप्तीची पावती मिळते. तिच्यावर लिहिलेल्या मुदतीपर्यंत वाहन चालविता येते, आणि लायसन परत मिळविण्याची वाट त्या पावतीवरूनच जाते. दुय्यम प्रत हा त्यावरचा उपाय नव्हे. आपल्या भागात आणखी एक प्रकार चालतो. वाहनमालक उचल फिटेपर्यंत चालकाचे लायसन स्वतःच्या कपाटात ठेवतो, आणि चालक दुसरीकडे कामाला लागताना "हरवले" म्हणून अर्ज करतो. दोन्ही ठिकाणी प्रतिज्ञापत्र खोटे ठरते. खोटे प्रतिज्ञापत्र हा गुन्हा आहे, आणि त्यावर सही एजंटाची नसते, तुमची असते. मालक सभासदांनाही आमचे सांगणे आहे की चालकाचे लायसन अडवून ठेवू नये. उचलीचा हिशेब करारावर असावा. लायसन चालकाच्या खिशातच असले पाहिजे.

अर्जाचा नमुना म्हणजे 'नमुना २'. पूर्वी दुय्यम प्रतीसाठी 'एलएलडी' नावाचा वेगळा फॉर्म असे. २०२१ पासून लायसनची बहुतेक कामे नमुना २ वरच होतात. अर्ज sarathi.parivahan.gov.in या संकेतस्थळावर भरावा. पत्ता gov.in ने संपतो ना, हे पाहून घ्या, कारण तशाच नावाची खाजगी दुकाने पुष्कळ आहेत. महाराष्ट्र राज्य निवडून दुय्यम लायसनचा अर्ज उघडला की लायसन नंबर आणि जन्मतारीख मागतात. ती दिली की तुमचे नाव, पत्ता आणि वाहनाचे प्रकार पडद्यावर येतात. ते नीट वाचा. पत्ता जुना असेल, तर आधी किंवा सोबत पत्ताबदलाचा अर्ज करा. नवे कार्ड टपालाने येते, आणि चुकीच्या पत्त्यावर गेलेले पाकीट परत फिरते.

फी त्याच वेळी तिथेच भरायची असते. रक्कम पडद्यावर दिसते, तीत कार्डाची रक्कमही धरलेली असते. पावतीवर जेवढा आकडा छापून येतो तेवढीच सरकारी फी. वरचे जे काही मागितले जाईल ते एजंटाचे. पावती आणि अर्ज क्रमांक जपून ठेवा.

आधारला मोबाईल नंबर जोडलेला असेल, तर आधारच्या ओळखीवर हे काम कार्यालयात न जाता होऊ शकते. दुय्यम लायसनचा समावेश अशा सेवांमध्ये २०२१ सालीच झालेला आहे. नंबर जोडलेला नसेल किंवा अर्जात काही अडकले, तर कार्यालयात जावे लागते.

प्रतिज्ञापत्राबद्दल विशेष सांगतो. शासकीय कार्यालयात सादर करावयाच्या प्रतिज्ञापत्रावरील मुद्रांक शुल्क महाराष्ट्र शासनाने २००४ सालीच माफ केले आहे. साधा कागद चालतो. ऑक्टोबर २०२४ मध्ये शंभराचा मुद्रांक पाचशेवर गेला तेव्हा पुष्कळांनी विनाकारण पाचशे रुपये घातले. कागदावर मजकूर लिहून नोटरीपुढे किंवा तहसील कचेरीतील कार्यकारी दंडाधिकाऱ्यांपुढे सही करावी. सही आधी घरी करून नेऊ नये. मजकूर असा असावा :

"मी (नाव), वय, धंदा शेती, राहणार (गाव, तालुका), प्रतिज्ञेवर लिहून देतो की, माझे वाहन चालविण्याचे लायसन क्रमांक (…), मुदत दिनांक (…) पर्यंत, हे दिनांक (…) रोजी (ठिकाण) येथे माझ्याकडून गहाळ झाले. शोध घेऊनही मिळाले नाही. त्याबाबत (…) पोलीस ठाण्यात दिनांक (…) रोजी नोंद केली आहे. सदर लायसन कोणत्याही पोलीस अधिकाऱ्याने, परिवहन अधिकाऱ्याने अगर न्यायालयाने जप्त केलेले नाही, तसेच ते रद्द अगर निलंबित झालेले नाही. मूळ लायसन सापडल्यास ते कार्यालयात जमा करीन."

यातील शेवटची दोन वाक्ये सर्वांत महत्त्वाची आहेत. ती खरी असतील तरच सही करा.

एक उदाहरण पाहू. २०२४-२५ च्या हंगामात आमच्या गटातील एका सभासदाच्या मुलाचे पाकीट रिकामा ट्रेलर घेऊन परतताना वाटेत पडले. लायसन २०११ साली सोलापूरला काढलेले. त्याला नंबर पाठ नव्हता. आम्ही वाहतूक कराराची फाईल काढली, तिच्यातल्या झेरॉक्सवर नंबर मिळाला : सुरुवातीस MH13, मग 2011, मग सात आकडे. MH13 म्हणजे सोलापूर कार्यालय, आणि पुढचे चार आकडे वर्षाचे. त्याच रात्री लायसन डिजिलॉकरवर उतरविले, म्हणून एकही खेप बुडाली नाही. दुसऱ्या दिवशी पोलीस ठाण्याचा दाखला घेतला आणि तहसील कचेरीत प्रतिज्ञापत्र केले. आधारला वडिलांचा मोबाईल जोडलेला होता. अर्ज भरताना वडील शेजारी बसले, ओटीपी त्यांच्या फोनवर आला. लायसनवरील पत्ता मात्र जुन्या वस्तीचा निघाला. म्हणून पत्ताबदलाचा अर्जही सोबत केला. तो पाहिला नसता तर कार्ड जुन्या वस्तीवर जाऊन परतले असते.

ज्यांच्याकडे जुने पुस्तकी लायसन आहे त्यांची गोष्ट वेगळी. अशी काही लायसन्स संगणकावर चढलेलीच नाहीत. नंबर टाकूनही नाव येत नसेल तर हेच कारण समजावे. त्यासाठी ज्या कार्यालयाने लायसन दिले तिथेच जाऊन जुनी नोंद संगणकावर चढवून घ्यावी लागते, मग अर्ज पुढे सरकतो. पुस्तक हरवले आणि झेरॉक्सही नसेल, तर जुन्या रजिस्टरात नोंद शोधावी लागते व त्यात दिवस जातात. म्हणून पुस्तक हातात आहे तोवरच हे काम उरका.

मुदतीबाबत एक सावधगिरी. दुय्यम प्रतीवर मुदत जुनीच येते. मुदत संपत आली असेल, तर नूतनीकरणाचा अर्जही करावा. मुदत संपून वर्ष उलटले, तर पुन्हा चाचणी द्यावी लागते. चाळिशीनंतर नूतनीकरणास डॉक्टरचा दाखला लागतो, नुसत्या दुय्यम प्रतीस नव्हे.

कार्यालयात जावे लागले, तर बरोबर न्यावयाचे कागद असे : छापलेला नमुना २, फीची पावती, भेटीची वेळ घेतल्याची चिठ्ठी, पोलीस दाखला व प्रतिज्ञापत्र (किंवा खराब झालेले कार्ड), आधार कार्ड मूळ व झेरॉक्स, जुन्या लायसनची झेरॉक्स असल्यास ती, आणि पासपोर्ट आकाराचे दोन फोटो.

आज संध्याकाळी एवढे करा : घरात जे-जे वाहन चालवितात त्यांच्या लायसनची दोन्ही बाजूंची झेरॉक्स काढून ऊसनोंदीच्या कागदांत ठेवा. कार्ड हरवले तरी नंबर हाताशी राहील. वाहतूक करार केलेल्या सभासदांना त्यांच्या फाईलमधील झेरॉक्सची प्रत गटकार्यालयात मिळेल.

आपला,
ऊस विकास अधिकारी,
शेती विभाग